बरणीचं झाकण

गेल्या उन्हाळ्यात शाळकरी मुलांसाठीच्या क्रिकेटच्या एका पुस्तकाला शेवटी जोडायची शब्दसूची मी लिहीत होते. पस्तीस शब्द आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन ओळी, असं काम होतं. फलंदाजीचे शब्द एका सकाळी आटोपले, क्षेत्ररक्षणाचेही झाले. गोलंदाजीपाशी आल्यावर मात्र हात अडला, आणि तो पहिल्याच नोंदीवर. मी लिहिलं होतं : 'ऑफ स्पिन – उजव्या यष्टीच्या बाहेर टप्पा पडून फलंदाजाच्या अंगाकडे वळणारा चेंडू.' ओळ सरळ होती, मुलांना कळेल अशी होती. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा जाणवलं, की समोर डावखुरा फलंदाज उभा राहिला की ही ओळ खोटी पडते. गोलंदाज तोच, पकड तीच, चेंडू वळला तोही त्याच बाजूला. पण आता तो फलंदाजापासून लांब चालला आहे. नाव काही बदललेलं नाही. रविचंद्रन अश्विनने कसोटी क्रिकेटमध्ये दोनशेहून अधिक वेळा डावखुऱ्या फलंदाजांना बाद केलं. त्यांच्यासाठी त्याचा नेहमीचा चेंडू बाहेर जाणारा, आणि तरी तो ऑफ स्पिनच.

म्हणजे ही नोंद फलंदाजाच्या बाजूनं लिहून भागणार नव्हतं. ती हातापासून सुरू करायला हवी होती. आणि हाताचं म्हटलं की मला माझा मामा आठवतो.

आमचं आजोळ सांगलीचं. मामा बँकेत होता आणि रविवारी क्लबाकडून लेग स्पिन टाकायचा. मे महिन्यात आम्ही भावंडं जमलो, की संध्याकाळी परसातल्या मोकळ्या जागेत तो आम्हाला खेळवायचा. भाऊ फलंदाजी करायचे आणि मला यष्टीमागे उभं केलेलं असायचं. यष्ट्या म्हणजे मातीत रोवलेली धुण्याची काठी आणि दोन फळकुटं. मला फलंदाजी फारशी मिळायची नाही याचं तेव्हा वाईट वाटायचं, पण मामाचा हात समोरून बघायला मिळाला तो त्या जागेमुळे. फलंदाजाला एक चेंडू चुकला तर तो बाद होऊन सुटतो. यष्टिरक्षकाला प्रत्येक चेंडू ओळखावाच लागतो, नाहीतर नखं जातात.

एका दुपारी मी मामाला विचारलं, की ऑफ स्पिन आणि लेग स्पिन यांत नक्की फरक काय. तो जेवत होता. आजीनं त्याच्या पानाशी लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी ठेवली होती, आट्यांच्या झाकणाची. त्यानं ती माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "झाकण लाव." मी उजव्या हातानं झाकण फिरवून घट्ट केलं. "हा ऑफ स्पिन. आता उघड." मी उलटं फिरवलं. "हा लेग स्पिन. जा आता, खेळ."

त्यानंतरच्या इतक्या वर्षांत या दोन गोष्टींची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही. झाकण लावताना हात घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. चेंडू तसाच फिरत निघाला, की गोलंदाजाच्या बाजूनं पाहता त्याची वरची कड उजवीकडे जात असते आणि खालची कड डावीकडे. जमिनीला लागते ती खालची कड. ती मातीला डावीकडे ढकलते आणि माती चेंडूला उजवीकडे फेकते. गोलंदाजाची उजवी बाजू म्हणजे उजव्या फलंदाजाचा लेग. म्हणून चेंडू आत येतो. झाकण उघडताना सगळं उलट. मातीला फलंदाज कोणत्या हाताचा आहे याच्याशी काही कर्तव्य नाही, तिला चेंडूची खालची कड कुठे चालली आहे तेवढंच कळतं. हे एकदा ध्यानात आलं की डावखुऱ्याचा गोंधळ आपोआप मिटतो.

एक गोष्ट मात्र बरणी सांगत नाही. झाकण लावण्याचं काम बहुतेक तर्जनी करते, शिवण तिच्या पेरावर टेकलेली असते आणि ती खाली खेचत फिरवली जाते. उघडण्याचं काम अनामिका आणि मनगट मिळून करतात. मनगट सैल आणि मोठं. ते अधिक फेरे देतं, पण त्याच्यावर हुकूम कमी चालतो. ऑफ स्पिनर षटकामागून षटकं एका टप्प्यावर टाकू शकतो आणि लेग स्पिनरचा एखादा चेंडू आखूड पडतोच, त्याचं कारण हे. आणि गुगलीचा उगमही याच सैल मनगटात आहे. हात उघडण्याच्या दिशेनंच चालल्यासारखा दिसतो, पण चेंडू सुटेपर्यंत मनगट इतकं आत वळलेलं असतं की चेंडूचे फेरे बंद करण्याच्या दिशेनं पडतात. मला यष्टीमागून हे एकाच खुणेनं कळायचं : मामाच्या तळहाताची मागची बाजू माझ्याकडे झालेली असायची. संध्याकाळचा उजेड उतरला की ती खूण दिसेनाशी व्हायची, आणि मग मी टप्प्यावर डोळे लावून बसायचे. बर्नार्ड बोझांके या इंग्रज खेळाडूला ही युक्ती मैदानात नव्हे, टेबलावर चेंडू उडवून खेळायच्या एका घरगुती खेळात सुचली. १९०० साली लॉर्ड्सवर त्यानं तिच्यावर पहिला महत्त्वाचा बळी मिळवला तेव्हा चेंडूचे म्हणे चार टप्पे पडले होते, आणि ९८ धावांवर खेळणारा फलंदाज यष्टिचीत झाला. मामाला मात्र बोझांकेशी देणंघेणं नव्हतं. त्याचं दैवत सुभाष गुप्ते. १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडीजच्या एका डावात गुप्त्यांनी १०२ धावांत नऊ गडी बाद केले, हे तो सणावाराच्या गप्पांतही कुठून तरी आणायचाच.

तर ऑफ स्पिन आणि लेग स्पिन या नोंदी मी हातापासून लिहिल्या आणि दोन ओळींत बसवल्या. पुढची नोंद यॉर्करची होती, आणि तिथं हाताचा उपयोग होईना.

यॉर्करला स्वतःची अशी पकड नाही, फेरे नाहीत. त्याला नाव मिळालं आहे ते टप्प्याच्या जागेवरून, आणि ती जागा मैदानावर आखलेली नसते. फलंदाजाच्या बुटाच्या टोकापाशी, जिथे बॅट जमिनीला टेकणार तिथेच टप्पा पडला तर यॉर्कर. फलंदाज हातभर पुढे सरकला की तोच चेंडू फुलटॉस होतो. तो क्रीजच्या आत खोल जाऊन उभा राहिला की त्याचा हाफ व्हॉली होतो आणि सीमेपार जातो. शेवटच्या षटकांत फलंदाज यष्ट्यांना जवळजवळ चिकटून उभे राहतात ते एवढ्याचसाठी. ऑफ स्पिन हे नाव गोलंदाजाच्या हातात आहे म्हणावं, तर यॉर्कर हे नाव फलंदाजाच्या पायात आहे.

यॉर्कर इतका अवघड का, हे मला नुसतं 'सराव लागतो' असं लिहून सोडायचं नव्हतं. म्हणून वहीवर साधा हिशोब मांडला. हवेचा अडथळा बाजूला ठेवला. चेंडू साधारण दोन मीटर उंचीवरून सुटतो असं धरलं, आणि तिथून फलंदाजाच्या पायापर्यंतचं अंतर अठरा मीटर. ताशी १४० किलोमीटर वेगानं हे अंतर कापायला अर्ध्या सेकंदाहूनही किंचित कमी वेळ लागतो. आता चेंडू हातातून सुटतानाच्या कोनात फक्त एका अंशाची चूक झाली, तर टप्पा पावणेदोन मीटरच्या आसपास पुढे-मागे होतो. पावणेदोन मीटर म्हणजे चांगल्या उंच माणसाची उंची! घड्याळाच्या मिनिटकाट्यासाठी एक अंश म्हणजे दहा सेकंदांची वाटचाल. तेवढा कोन चुकला की यॉर्करच्या जागी फलंदाजाला हवाहवासा चेंडू मिळतो. आणि हा कोन ठरतो तो वेगानं फिरणाऱ्या हातातून बोटं नेमकी कधी सुटतात यावर. हिशोब पाहून मी पेन्सिल खाली ठेवली. टीव्हीसमोर बसून 'यॉर्कर टाकायचा ना रे' असं आपण किती सहज म्हणतो.

जसप्रीत बुमराहनं आपल्या लहानपणाची एक गोष्ट सांगितलेली आहे. अहमदाबादच्या घरात दुपारी आई झोपलेली असायची आणि चेंडूच्या आवाजानं तिची झोप मोडायची. मग त्यानं एक जागा शोधली. भिंत आणि फरशी जिथं मिळतात त्या कोपऱ्यात चेंडू आपटला की आवाज सगळ्यात कमी होतो. जरा वर लागला तर भिंत वाजते, जरा अलीकडे पडला तर फरशी वाजते आणि मग भिंतही. त्या कोपऱ्यात चेंडू घालत राहणं हाच त्याचा खेळ झाला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण यॉर्कर बरोबर पडला की नाही हे तिथं कानाला कळत होतं, आणि परीक्षक शेजारच्या खोलीत झोपलेला होता.

यॉर्करचीही नोंद झाली. मग आली हळू चेंडूची. 'स्लोअर बॉल' या शब्दातच तुलना आहे, हे मी त्या दिवसापर्यंत नीट पाहिलेलं नव्हतं. मी लिहिलं : 'वेगवान गोलंदाजानं मुद्दाम कमी वेगानं टाकलेला चेंडू.' आणि लगेच प्रश्न उभा राहिला, कशापेक्षा कमी? बुमराहचा हळू चेंडू ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास असतो. तो फिरकी गोलंदाजाच्या नेहमीच्या चेंडूपेक्षा वेगवान आहे. सांगलीच्या परसात तो कोणी टाकला असता तर आम्ही सगळे घरात पळालो असतो. तो हळू ठरतो तो आधीच्या पाच चेंडूंमुळे. ते १४० नं आले नसते तर हा हळू नसता, नुसता एक मध्यमगती चेंडू असता. ऑफ स्पिन एकटा उभा राहू शकतो, यॉर्करला निदान एक फलंदाज लागतो. हळू चेंडूला त्याच्या आधीचं सगळं षटक लागतं. त्याची व्याख्या त्याच्या स्वतःत नाही.

माझा भाचा ओंकार पंधरा वर्षांचा आहे आणि वेगवान गोलंदाजी शिकतो. नोंद अडली म्हणून मी चार दिवस संध्याकाळी त्याच्या सरावाला जाऊन जाळीच्या मागे, म्हणजे पुन्हा यष्टिरक्षकाच्याच जागी, उभी राहिले. तो हळू चेंडू टाकत होता आणि मला प्रत्येक चेंडू आधी कळत होता. पहिल्या दिवशी वाटलं, मी त्याला ओळखते म्हणून कळतं आहे. मग लक्ष देऊन पाहिलं. त्याचा हातच हळू फिरत होता. खांदा अर्ध्या वाटेत थबकायचा, मान जरा वर यायची, चेंडू सोडल्यावर अंग पुढे झुकायचं नाही. चेंडू हळू टाकायचा म्हणून तो स्वतः हळू होत होता. समोरच्या फलंदाजाला वेगाचा अंदाज चेंडूवरून नंतर येतो, आधी येतो तो हातावरून. हातच सांगून मोकळा झाला तर चेंडूनं लपवायचं काय राहिलं?

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "तू चेंडू धरतोस कुठल्या बोटांनी?" त्यानं दाखवलं. शिवणीवर दोन बोटं सरळ, खाली अंगठा, वेगवान चेंडूसाठी धरतात तशीच. मग मी पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि त्याला झाकण लावायला सांगितलं.

कारण खरी युक्ती तीच आहे. वेगवान चेंडूत बोटं चेंडूच्या बरोबर मागे असतात. हाताचा सगळा वेग त्यांच्यातून चेंडूत उतरतो आणि तो सरळ पुढे जातो. तीच बोटं सुटताना चेंडूच्या उजव्या बाजूवरून खाली खेचली, म्हणजे बरणीचं झाकण लावल्यासारखी फिरवली, तर हाताचा काही वेग फेऱ्यांत खर्च होतो आणि पुढे जायला कमी उरतो. खांदा पूर्ण वेगानं फिरला, धाव तीच, झेप तीच. चेंडू मात्र मागे राहिला. याला ऑफ कटर म्हणतात. हा वेगवान गोलंदाजाच्या हातातून निघालेला ऑफ स्पिनच. दुसरी तऱ्हा मनगट वळवून हाताची पाठ फलंदाजाकडे करून सोडायची. तीत मला मामाची गुगली दिसते. तिसरी नकल बॉलची. तीत बोटं दुमडून नखांच्या किंवा सांध्यांच्या आधारानं चेंडू धरतात. बोटांना मागून ढकलताच येत नाही, म्हणून वेग कमी, आणि फेरेही जवळजवळ नाहीत. ही आपल्याकडे गाजवली ती नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं, २०११ च्या विश्वचषकात. त्या स्पर्धेत त्यानं २१ गडी बाद केले. चेन्नईत जम बसलेल्या डेव्हन स्मिथचा त्यानं अशाच एका चेंडूवर त्रिफळा उडवला आणि वेस्ट इंडीजचा डाव तिथून कोसळला.

ओंकारनं झाकण लावण्याची बोटं लवकरच पकडली. पण मग दुसरी अडचण आली. चेंडू हळू होऊ लागला तसा तो आखूड पडू लागला. आखूड आणि हळू म्हणजे फलंदाजाला थांबून, निवडून मारायला दिलेला चेंडू. तो वैतागला, "मावशी, मी तर तिथंच टाकतोय!" आणि त्याचं खरंच होतं, तो तिथंच टाकत होता. मी वही काढून त्याला हिशोब दाखवला. १४० वेगाच्या चेंडूला अठरा मीटर जायला ०.४६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला जेमतेम एक मीटर खाली ओढतं. ११५ च्या चेंडूला ०.५६ सेकंद लागतात. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाचा, पण खाली ओढला जातो तो दीड मीटर. म्हणजे अगदी एकाच कोनातून सोडलेले दोन चेंडू फलंदाजापाशी पोचेपर्यंत उंचीत अर्ध्या मीटरनं वेगळे झालेले असतात. अर्धा मीटर म्हणजे जमिनीपासून गुडघ्यापर्यंत. तेव्हा हळू चेंडू त्याच जागी पडायला हवा असेल तर तो किंचित वर सोडावा लागतो. ओंकारचा वेग एवढा नाही, पण गणित तेच. मुलाला ते पटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे चार फुलटॉस माझ्या डोक्यावरून गेले. ते होणारच. वेळ लागतो.

पण हे गणित मांडता मांडता मला अचानक तो चेंडू कळला, जो मी कित्येक वेळा पाहिला होता आणि ज्याचं नीटसं कारण कधी हाती लागलं नव्हतं.

मेलबर्न, २८ डिसेंबर २०१८, कसोटीचा तिसरा दिवस. भारतानं ७ बाद ४४३ वर डाव सोडला होता. खेळपट्टी संथ, चेंडू फार काही करत नव्हता. जेवणाच्या सुट्टीआधीचं शेवटचं षटक, शेवटचा चेंडू. समोर शॉन मार्श, डावखुरा, १९ धावांवर. बुमराहचे आधीचे चेंडू १४० च्या आसपास येत होते. मिडऑफला उभ्या असलेल्या रोहित शर्मानं त्याला सुचवलं, की एकदिवसीय सामन्यात टाकतोस तसा हळू चेंडू टाकून बघ. बुमराहनंच हे नंतर सांगितलं. कसोटीत हे सुचणं सोपं नव्हतं. हळू चेंडू मारायला निघालेल्या फलंदाजासाठी असतो. जो नुसता थोपवायला उभा आहे, तो वाट बघतो आणि चेंडू बॅटवर येऊ देतो. पण सुट्टीआधीच्या शेवटच्या चेंडूला थोपवणाराही एका गोष्टीची तयारी करून बसलेला असतो : गोलंदाज सगळा जोर लावून काहीतरी टाकणार आहे.

बुमराह धावत आला. हात नेहमीच्या वेगानं वरून फिरला. चेंडू सुटला आणि मार्शला तो वरून आलेला दिसला. ज्या कोनातून तो निघाला त्या कोनातून १४० चा चेंडू आला असता तर गुडघ्याच्या उंचीवरचा फुलटॉस झाला असता, आरामात थोपवता येण्याजोगा. मार्शची बॅट त्या फुलटॉससाठी खाली आली. पण चेंडू तिथं पोचलेलाच नव्हता. तो अजून हवेत होता, आणि सेकंदाचा तो दहावा भाग पडत होता. पडत पडत तो बॅटच्या खाली गेला आणि पायावर आदळला. पायचीत. फुलटॉस दिसलेला चेंडू यॉर्कर झाला होता. तो मधला अर्धा मीटर कोणी ढकललेला नव्हता, नुसता उशीर झाला होता.

पुनःप्रक्षेपणात मार्शचा चेहरा पाहावा. त्यात चुकल्याची चुटपुट कमी आणि कोडं जास्त आहे. त्यानं पाहिलेला चेंडू आणि त्याच्या पायाला लागलेला चेंडू हे दोन वेगळे चेंडू होते. ऑस्ट्रेलियाचा डाव १५१ वर संपला, बुमराहनं ३३ धावांत सहा गडी घेतले, भारतानं कसोटी १३७ धावांनी जिंकली. पण मला त्या सहांतला हा एकच पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो.

आणि माझ्या शब्दसूचीत तो कुठे ठेवायचा? यॉर्करखाली ठेवला तर अर्धाच कळतो, कारण त्याचं यॉर्कर असणं त्याच्या हळू असण्यातून आलं. हळू चेंडूखाली ठेवला तर टप्पा निसटतो. मामाच्या बरणीपासून बुमराहच्या त्या चेंडूपर्यंत मधे कुठे रेघ मारावी हेच मला कळेना. शेवटी मी नोंदी वेगळ्या ठेवल्या, पण एकमेकींना बांधल्या. हळू चेंडूच्या नोंदीत लिहिलं : 'गोलंदाजाच्या आधीच्या चेंडूंपेक्षा कमी वेगाचा चेंडू, हाताचा वेग तोच राहतो, वेग बोटांत किंवा मनगटात मोडला जातो.' आणि खाली जोडलं : 'पाहा – ऑफ स्पिन, गुगली, यॉर्कर.' यॉर्करच्या नोंदीखाली उलट खूण दिली. दोनाऐवजी तीन ओळी झाल्या.

आठवड्यानं संपादकांकडून बोलावणं आलं. त्यांनी हस्तलिखितावर लाल पेन्सिलीनं दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह काढलं होतं. ओळ जास्त झाल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. म्हणाले, "ताई, हे तपासून घ्या. वेगवान गोलंदाजाच्या चेंडूखाली 'पाहा – ऑफ स्पिन' असं पडलंय. चुकून दुसऱ्या नोंदीतलं आलंय का?"

त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली होती, झाकण बाजूला काढून ठेवलेलं. मी ती उचलून त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, "सर, एकदा हे झाकण लावता? पण खांद्यातून, जोरात हात फिरवून लावायचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून ठेवला आणि उजवा हात झाकणाकडे नेला.